बाळ उचलताना अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखतं तेव्हा: स्प्लिंट निवडणं, बसवणं आणि तो घालून बाळ सांभाळणं

बाळाच्या काखांत हात घालून त्याला वर घ्यायला जावं आणि अंगठ्याच्या बाजूने मनगटात अशी सणक उठावी की बाळ हातातून सुटेल की काय, असं वाटावं. बाळंतपणानंतर साधारण महिना-दीड महिन्याने सुरू होणारं हे दुखणं बहुतेक वेळा एकच असतं. त्याला 'डी कर्वेन' म्हणतात. स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी कर्वेन यांनी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. दिवसभर बाळ घेणाऱ्या बाबांना किंवा आजीलाही ते होतं, पण बाळंतिणीला जास्त.

आत नेमकं काय होतं

मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, हातावर घड्याळ बांधतो साधारण तिथेच, हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. त्याच्यावरून दोन कंडरा अंगठ्याकडे जातात. एक अंगठ्याला तळहातापासून दूर नेते, दुसरी त्याला सरळ करते. दोघी मिळून जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीच्या एका बोगद्यातून सरकतात. बोगद्याचा तळ हाडाचा आणि छत म्हणजे एक चिवट पट्टी. या दुखण्यात ते छत जाड होतं, कंडरांभोवतीचं आवरण फुगतं आणि सरकायला जागा उरत नाही.

कंडरांवर सर्वांत जास्त ताण कधी येतो? अंगठा बोटांपासून फाकलेला असताना मनगट करंगळीच्या बाजूला झुकतं आणि त्याच अवस्थेत वजन उचललं जातं तेव्हा. काखांत हात घालून बाळ उचलताना हात बरोबर याच आकारात असतो. त्यात बाळंतपणानंतर आणि स्तनपानाच्या काळात शरीरातल्या द्रवाचं प्रमाण आणि संप्रेरकं बदललेली असतात, त्यामुळे आवरणं लवकर फुगतात असं मानलं जातं. आणि व्यायामशाळेतलं वजन ठरलेलं असतं, बाळाचं मात्र दर आठवड्याला वाढतं.

पट्टी जाड झालेली असते, म्हणून नुसत्या वेदनाशामक गोळ्यांनी हे दुखणं जात नाही. गोळीने दिवस निभतो. बोगदा मोकळा व्हायला घर्षण थांबावं लागतं, आणि स्प्लिंटचं काम तेवढंच: घर्षण थांबवणं.

हेच दुखणं आहे का, हे कसं ओळखाल

दुसऱ्या हाताच्या एका बोटाने तो उंचवटा दाबून बघा. दुखणं हेच असेल तर 'इथेच' असं बोट ठेवून सांगता येतं. तिथे थोडा फुगीरपणा असतो, कधी अंगठा हलवताना अडखळल्यासारखं वाटतं. कळ वर कोपराच्या दिशेला किंवा खाली अंगठ्यात जाऊ शकते.

मग अंगठा तळहातात दुमडा, त्यावर बाकीची बोटं मिटा आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला झुकवा. उंचवट्यावर तीव्र कळ आली तर संशय पक्का होतो. पण ही चाचणी निरोगी हातातही थोडी ओढ देते, म्हणून आधी चांगल्या हातावर करा आणि फरक बघा. आणि एकदाच करा. 'आज कमी आहे का' म्हणून रोज मूठ वळवून बघणाऱ्यांचं दुखणं लांबतं, कारण ती चाचणी म्हणजे दुखऱ्या कंडरांना दिलेला पुरेपूर ताणच असतो. बरं वाटतंय की नाही, हे बाळ उचलताना कळतंच.

काही खुणा मात्र दुसरीकडे बोट दाखवतात. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल तर तो मनगटातली मज्जातंतू दबल्याचा प्रकार असू शकतो. बाळंतिणींना तोही बराच होतो आणि त्याचा स्प्लिंट वेगळा असतो. दुखणं मनगटाच्या चार बोटं वर, हाताच्या मागच्या बाजूला असेल आणि तिथे करकर जाणवत असेल, तर तो शेजारच्या कंडरांचा त्रास. हातावर पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल तर आधी एक्स-रे. आणि जागा लाल, गरम होऊन ताप आला असेल, तर स्प्लिंट शोधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

स्प्लिंट निवडताना

दुकानात 'मनगटाचा पट्टा' मागितला तर बहुतेक वेळा अंगठा मोकळा ठेवणारा पट्टा हातात पडतो. तो इथे निरुपयोगी आहे. मनगट धरलं पण अंगठा हलत राहिला, तर कंडरा बोगद्यातून घासतच राहणार. उलट नुसत्या अंगठ्याला बसणारी छोटी टोपीही पुरत नाही, कारण मनगट करंगळीकडे झुकायला मोकळं राहतं. हव्या आहेत दोन्ही गोष्टी एकत्र: मनगटापासून कोपराच्या दिशेने हाताच्या निम्म्यापर्यंत जाणारा आणि अंगठ्याच्या मुळाशी त्याला धरून ठेवणारा स्प्लिंट. त्याला 'थंब स्पायका' म्हणतात. हेच नाव सांगा, आणि डावा की उजवा तेही सांगा. माप सहसा मनगटाच्या घेरावर असतं. घेर संध्याकाळी मोजा, सकाळी घेतलेलं माप दिवसभरात सूज चढलेल्या हाताला घट्ट होतं.

तयार स्प्लिंटमध्ये एक किंवा दोन धातूच्या पट्ट्या असतात, त्या बाहेर काढून हाताने वाकवता येतात. थोडे पैसे जास्त गेले तरी वाकवता येणाराच घ्या. हाताचा घाट प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि न वाकणारी पट्टी नेमकी त्या दुखऱ्या उंचवट्यावर टेकते. तयार स्प्लिंट बसतच नसेल तर हाताचे उपचार करणारे थेरपिस्ट गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यापासून तुमच्याच हातावर तो घडवून देतात.

बसवायचा कसा

हात टेबलावर करंगळीच्या कडेवर ठेवा, जणू कुणाशी हस्तांदोलन करताय. अंगठा असा ठेवा की मोठा पेला सैलसर धरलाय: तळहाताला चिकटलेला नाही आणि ताणून फाकवलेलाही नाही. मनगट जरासं, १० ते २० अंश, मागे. याच अवस्थेत स्प्लिंट चढवा आणि पट्टे मनगटापासून सुरू करून कोपराकडे लावत जा; अंगठ्याचा पट्टा शेवटी.

आता तपासणी. अंगठ्याचं टोकाचं पेर मोकळं वाकलं पाहिजे. त्याच्या खालचा सांधा वाकायला नको. तळहातावरची बोटांजवळची आडवी रेघ उघडी राहिली पाहिजे, म्हणजे चारही बोटांची मूठ मिटते. ती झाकली गेली तर बोटं आखडतात आणि मग माणूस कंटाळून स्प्लिंट फेकून देतो. प्रत्येक पट्ट्याखाली एक बोट सरकलं पाहिजे. अर्ध्या तासाने काढून त्वचा बघा. हलकी लाली १५-२० मिनिटांत गेली तर ठीक. उंचवट्यावर ठळक लाल ठसा राहिला तर ती पट्टी बाहेरच्या बाजूला वाकवा, किंवा ठशाच्या आजूबाजूला मऊ कापड चिकटवा. ठशावरच गादी लावली तर दाब वाढतो, कमी होत नाही.

अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर तो दुखण्याचा भाग समजू नका. त्या जागेवरून त्वचेखालूनच एक संवेदना देणारी मज्जातंतू जाते आणि घट्ट पट्टा तिला दाबतो. पट्टा सैल करा. घट्ट घड्याळ किंवा कडंही त्या हातात नको.

स्प्लिंट घालून बाळ सांभाळणं

खरी गोची इथे आहे. आई दिवसभर शहाण्यासारखी स्प्लिंट घालते आणि बाळाला घ्यायच्या वेळी 'टोचेल' म्हणून काढून ठेवते. म्हणजे हात रिकामा असताना विश्रांती आणि वजन पडताना काहीच आधार नाही. असा सहा आठवडे घातलेला स्प्लिंट न घातल्यासारखाच. त्यामुळे तो बाळासाठी सुरक्षित कसा करायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवा. जुन्या मऊ सुती मोज्याचा पाय कापा, अंगठ्यासाठी छेद द्या आणि स्प्लिंटवर चढवा. वेलक्रोच्या खरखरीत कडा झाकल्या जातात आणि दुधाचे डागही मोज्यावरच पडतात. असे चार-पाच मोजे ठेवले की धुण्याची चिंता नाही.

लंगोट बदलताना, बाळाला आंघोळ घालताना आणि हात धुताना स्प्लिंट काढावाच लागतो. ओला स्प्लिंट परत घातला तर त्वचा पांढरी पडून सोलते. त्या वेळात फक्त उचलणं दुसऱ्या कुणाकडे द्या किंवा बाळ आधीच जागेवर असू द्या. म्हणजे क्रम असा: स्प्लिंट घालून बाळ बदलण्याच्या जागी ठेवायचं, एक हात बाळावर ठेवूनच स्प्लिंट काढायचा, लंगोट बदलायची, हात पुसून कोरडे करायचे, स्प्लिंट घालायचा, मग बाळ उचलायचं. पहिले दोन दिवस वैताग येतो, नंतर हातांना सवय होते.

उचलण्याची पद्धत बदलली नाही, तर चांगल्यात चांगला स्प्लिंटही हरतो. काखांत हात घालणं बंद. बाळ पाठीवर असेल तर आधी त्याला हळूच कुशीवर वळवा. एक हात पुढून दोन्ही पायांच्या मधून ढुंगणाखाली सरकवा, दुसऱ्या हाताचा पुढचा भाग मान आणि खांद्यांखाली. तळवे वर, अंगठा तर्जनीला चिकटलेला. मग तुम्ही खाली वाका, बाळाला छातीशी आणा आणि त्याला घेऊन पायांनी उठा. वजन बोटांवर न पडता कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागावर पडलं पाहिजे. पाळण्याची कड उंच असेल तर हात लांब करून मनगट वाकवावंच लागतं. कड खाली करता येत असेल तर करा, नाहीतर काही आठवडे बाळाला कमरेच्या उंचीच्या सपाट जागेवर बदला, आणि तिथे असेपर्यंत एक हात त्याच्यावर ठेवा.

दूध पाजताना बाळाचं डोकं तळहातावर तोलून मनगट आत वळवलेलं असतं, तेही २०-२५ मिनिटं. मांडीवर उशी घ्या, बाळाचं वजन उशीवर आणि डोकं हाताच्या पुढच्या भागावर येऊ द्या. आणि पाजता पाजता दुसऱ्या हाताने फोन चाळताना अंगठा किती फिरतो, ते एकदा बघा. दुखणारा हात तोच असेल तर फोन टेकवून ठेवा आणि तर्जनीने चाळा. कपडे पिळणं, घट्ट झाकणं उघडणं आणि एका हाताने जड भांडं कलतं करणं, ही कामंही सध्या दुसऱ्याची.

एक उदाहरण, आठवड्याआठवड्याने

समजा बाळ सात आठवड्यांचं आहे, वजन ४.७ किलो, आईचा उजवा हात दहा दिवसांपासून दुखतोय. पाजणं दिवसातून आठ वेळा, लंगोट आठ वेळा, शांत करणं सात-आठ वेळा. प्रत्येकाला एक उचलणं आणि एक ठेवणं धरलं तर उचलणं-ठेवणं मिळून ४६-४८ वेळा होतं. म्हणजे दिवसभरात दोनशे किलोंहून जास्त वजन त्या बोगद्यावरून जातं, आणि रात्रीचे तीन वेळा तर झोपेच्या तारेत, काखांत हात घालूनच.

पहिला आठवडा: स्प्लिंट दिवसरात्र. दिवसातून चार-पाच वेळा काढून त्वचा बघायची, पुसायची, आणि अंगठा दुखणार नाही एवढाच तळहाताकडे आणि परत असा सात-आठ वेळा हलवायचा, म्हणजे आखडत नाही. ओढायचं नाही, ताणायचं नाही. पातळ कापडात गुंडाळलेला बर्फ उंचवट्यावर १० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. गोळी लागलीच तर स्तनपानात पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही सहसा चालतात, पण तुमचे इतर आजार आणि औषधं सांगून डॉक्टरांना विचारूनच घ्या. दुखऱ्या जागेवर मलम लावलं तर ते बाळाच्या तोंडाला आणि त्वचेला लागणार नाही याची काळजी घ्या. मनगट नेमकं बाळाच्या गालाशी असतं. रात्रीच्या तीनपैकी दोन वेळा घरातल्या कुणीतरी बाळ उचलून आईच्या कुशीत द्यायचं. पाजायला आईच हवी, उचलायला नाही.

दुसरा-तिसरा आठवडा: स्प्लिंट तसाच. इथे मोठी चूक होते. स्थिर ठेवल्यामुळे बसल्या जागी दुखणं थांबतं, आई म्हणते 'गेलं', स्प्लिंट कपाटात जातो आणि तीन दिवसांत पुन्हा पहिल्यासारखं. विश्रांतीतलं दुखणं आधी जातं, वजनाखालचं उशिरा. उंचवटा दाबल्यावर दुखणं निम्म्याहून कमी झालं का, हे आठवड्यातून एकदा बघा, तेच खरं मोजमाप.

चौथ्या आठवड्यापासून, दाबल्यावरचं दुखणं उतरलं असेल तरच, घरात बसलेलं असताना स्प्लिंट काढायचा. बाळ उचलताना आणि रात्री घालायचा. पाचव्या आठवड्यात रात्रीचा सोडायचा. उचलताना तो सहाव्या आठवड्यापर्यंत ठेवायचा, आणि एखाद्या टप्प्यावर कळ परत आली तर चार-पाच दिवस मागच्या टप्प्यावर जायचं. ताकदीचे व्यायाम यानंतर: अंगठ्याला दुसऱ्या हाताचा हलका विरोध देऊन तो न हलवता पाच सेकंद दाबायचा, दहा वेळा, दुखलं तर थांबायचं.

स्प्लिंटने भागलं नाही तर

स्पष्ट सांगायचं तर, दुखणं जोरात असेल तेव्हा नुसता स्प्लिंट अनेकदा अर्ध्या वाटेवर थांबतो. बाळाचं वजन कमी होत नाही आणि हाताला पूर्ण विश्रांती मिळत नाही. काहींचं दुखणं स्तनपान थांबल्यावर आपोआप ओसरतं, पण त्यासाठी स्तनपान सोडण्याची गरज नाही. तीन-चार आठवडे नीट स्प्लिंट घालूनही फरक नसेल, किंवा सुरुवातीपासूनच बाळ हातातून सुटेल इतकी कळ असेल, तर डॉक्टर बोगद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. नुसत्या स्प्लिंटपेक्षा त्याने लवकर आणि जास्त जणींना आराम पडतो. पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वर जाते, म्हणून आधी सांगा. स्तनपान करत असाल तर तेही सांगा. सहसा ते चालू ठेवता येतं. टोचलेल्या जागी त्वचा फिकट किंवा पातळ होऊ शकते, काळ्या-सावळ्या त्वचेवर ते जास्त दिसतं आणि भरून यायला महिने लागतात.

इंजेक्शनचा गुण न येण्यामागे कधी एक साधं कारण असतं. काही हातांत या बोगद्याच्या आत एक पडदा असतो आणि दोन कंडरांचे दोन वेगळे बोगदे होतात. औषध एकात जातं, दुसरा तसाच राहतो. सोनोग्राफीत तो पडदा दिसू शकतो आणि दुसरं इंजेक्शन बघून देता येतं, म्हणून 'मला इंजेक्शनचा गुण येत नाही' असं एकाच प्रयत्नावरून ठरवू नका.

तरीही महिनोन्महिने अडलेलंच राहिलं, तर छोट्या शस्त्रक्रियेने बोगद्याचं छत उघडतात. सहसा फक्त तो भाग बधिर करून होते, त्याच दिवशी घरी जाता येतं. पडदा असेल तर दोन्ही कप्पे उघडावे लागतात, आणि मघाशी सांगितलेली मज्जातंतू तिथेच असल्यामुळे काही काळ अंगठ्याच्या मागे बधिरपणा राहू शकतो. तारीख घेण्याआधी सर्जनना एकच गोष्ट नेमकी विचारा: बाळ उचलायला कधीपासून परवानगी, आणि किती किलोपर्यंत. टाके साधारण १०-१४ दिवसांनी निघतात, पण वजन उचलायला त्याहून जास्त दिवस लागू शकतात. त्या दिवसांत बाळ उचलून तुमच्या कुशीत देणारं माणूस घरात कोण असेल, हे ठरल्यावरच तारीख घ्या.